पन्नास मीटरचा पूल आणि माझे चाळीस

बरोबर उत्तर लिहिणाऱ्या एकुलत्या एका मुलीला मी शून्य दिलं होतं. नुसतं शून्य देऊन थांबले असते तर म्हातारपणी लपवलंही असतं. पण मी त्या शून्याखाली लाल शाईनं दोन वेळा रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘विचार करून सोडवावे.’ विचार करून! हे कोण लिहीत होतं, तर चोवीस वर्षांची एक बाई, जिनं स्वतः त्या गणितावर पाच वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

त्या बाईची थोडी ओळख करून देते, कारण आता मला तिची दयाही येते आणि हसूही येतं. लासूर स्टेशनच्या आडत दुकानदाराची मुलगी. चौथीपर्यंत उर्दूत शिकली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि पाचवीत एकदम मराठी आलं, कॉलेजात इंग्रजी. एवढ्या भाषा ओलांडून बीएस्सी झाली म्हणून तिला वाटायचं, आता आपल्याला काय शिकायचं राहिलं? औरंगाबादेत एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली. फिजिक्सच्या खात्यात ती एकटीच बाई. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्या, घट्ट अंबाडा, आणि चेहरा असा की जणू वर्गातल्या प्रत्येकानं तिचं काहीतरी चोरलंय. हसलं की मुलं डोक्यावर बसतात असं कुणीतरी सांगितलं होतं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षं ती हसलीच नाही.

मग कोण बोलणार तिच्याशी? औरंगपुऱ्यात माडीवर एक खोली होती. खाली घरमालकीण, तिचं सगळं बोलणं नळाच्या पाण्यापुरतं. स्टाफरूममध्ये मी आत गेले की पुरुष मंडळी पाय खाली घेऊन बसायची आणि चालू गप्पा बंद व्हायच्या. त्यांना माझी अडचण, मला त्यांची. म्हणून मी डबा प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत खायची. भिंगांचे प्रयोग करायला ती खोली काळ्या पडद्यांनी झाकलेली असे. दिवा न लावता भाकरी खात बसायची मी तिथं. रविवारी लासूरला जायचं, सोमवारी परत. आठवड्यात माझ्या तोंडून जे शब्द निघायचे त्यातले बहुतेक ‘लिहून घ्या’ हेच.

माझ्याशी आपणहून बोलणारा एकच माणूस होता, प्रयोगशाळेतले चाचा. वय साठीचं, मेहंदी लावलेली दाढी, कपाटांच्या किल्ल्या कमरेला. निजामाच्या वेळेपासून त्यांनी लॅब सांभाळली होती. मी पडद्याआड डबा उघडला की ते बाहेरून विचारायचे, “बाईसाब, अंधारात घास नाकात जातो की तोंडात?” मी उत्तर द्यायची नाही. शिस्त!

आता त्या गणिताकडे येते.

माझ्याकडे एक वही होती. कॉलेजात असताना आमच्या प्राध्यापकांनी सांगितलेली सगळी सोडवलेली उदाहरणं तिच्यात होती. सुंदर अक्षर, निळी शाई. मी शिकवायची ते त्या वहीवरूनच. तिच्यातलं एक उदाहरण असं: बहिर्वक्र पुलावरून, म्हणजे मधे कमानीसारख्या उंच असलेल्या पुलावरून, मोटार जाते. पुलाच्या वक्रतेची त्रिज्या पन्नास फूट. माथ्यावर मोटारीची चाकं रस्त्यापासून नेमकी सुटतील असा वेग काढा.

गणित साधं आहे. मोटार माथ्यावरून जाते तेव्हा ती वर्तुळाच्या वाटेनं चाललेली असते, आणि त्या वाटेवर राहायला तिला खाली, वर्तुळाच्या केंद्राकडे ओढ लागते. ती ओढ वजनातूनच मिळते. जेवढा वेग जास्त तेवढं जास्त वजन त्या वळण्यात खर्ची पडतं, आणि रस्त्यावर टेकायला तेवढं कमी उरतं. खुलताबादच्या रस्त्यावरच्या पुलावर बस जोरात गेली की आपण सीटवरून जरा उचलल्यासारखे होतो आणि पोटात गोळा येतो, तो याच्यामुळं. वेग वाढवत नेला तर एक वेळ अशी येते की सगळंच वजन वळण्यात जातं. रस्त्यावरचा दाब शून्य. चाकं टेकलेली दिसतात, पण रस्ता त्यांना काही देत नाही. त्याहून तिळभर वेग वाढला की सुटलीच. त्या वेळचा वेग म्हणजे गुरुत्वाचा आकडा गुणिले त्रिज्या, आणि त्याचं वर्गमूळ. मोटार हलकी का जड, याचा संबंधच नाही.

फुटांत गुरुत्वाचा आकडा बत्तीस. बत्तीस गुणिले पन्नास, सोळाशे. वर्गमूळ चाळीस. सेकंदाला चाळीस फूट. कसं सुबक! गणित करणाऱ्यानं उत्तर सुबक यावं म्हणूनच तो पन्नास घेतलेला.

मी शिकवायला लागले तेव्हा मेट्रिक पद्धत आली होती. फूट-पौंड गेले, मीटर-किलो आले. नवा अभ्यासक्रम मीटरमध्ये शिकवा असा हुकूम आला. बाईंनी काय करावं? एका सुट्टीत लाल पेन घेतलं आणि वहीभर ‘फूट’ खोडून ‘मीटर’ लिहिलं. एका दुपारीत मी अख्खं विज्ञान नवं करून टाकलं! आकड्यांना हात लावला नाही. ते इतके चांगले आले होते.

म्हणजे वहीत आता पन्नास मीटरचा पूल होता आणि उत्तर सेकंदाला चाळीस मीटर. गुरुत्वाचा आकडा मीटरमध्ये नऊ पूर्णांक आठ असतो हे मी शिकवत नव्हते असं नाही. वेगळ्या दिवशी शिकवत होते.

तर वर्गात मी ते उदाहरण सांगितलं. सूत्र फळ्यावर लिहिलं, किमती घातल्याचा देखावा केला, आणि म्हणाले, “म्हणून वेग बरोबर चाळीस. लिहून घ्या.” अख्ख्या वर्गानं लिहून घेतलं. एकानंही गुणाकार केला नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. त्यांचं सोडा, बाईंनीही केला नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधी कॉलेजची चाचणी असे, आणि चाचणीत प्रत्येक विषयात पस्तीस गुण मिळाले तरच विद्यार्थ्याचा परीक्षेचा फॉर्म पुढं जायचा. नाही तर वर्ष गेलं. मी पेपरात तोच पूल घातला, चार गुणांना. उत्तरपत्रिका तपासताना माझी एक पद्धत होती, तिचा मला भारी अभिमान होता: आधी शेवटची ओळ बघायची. चाळीस दिसलं, चार गुण. नाही दिसलं, शून्य. उत्तर चुकलं तर रीत कशाला बघायची? भराभर गठ्ठा उरकायची मी. सगळे चाळीस, चाळीस, चाळीस. आणि मधेच एका उत्तरपत्रिकेत बावीस पूर्णांक एक. वरून पुढं लिहिलेलं, ‘म्हणजे ताशी साधारण ऐंशी किलोमीटर.’ फाजीलपणा! शून्य. दोन रेघा. आणि तो सुविचार.

त्या मुलीचे गुण झाले एकतीस.

यादी लागली त्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीच्या पडद्याशी आली. खुलताबादहून रोज बसनं यायची. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर, कधी तोंड न उघडणारी. हातात पेपर होता.

“बाई, हे एकदा बघता का?”

“तपासलेला पेपर परत बघत नसतात.”

“गुणाकार तेवढा बघा की, बाई.”

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “गुणाकार तू शिकवणार मला?”

“नाय बाई, तसं नाय.” ती जागची हलली नाही. “चार मार्कांवर माझा फॉर्म अडकलाय. शनिवारी फॉर्म जाणारायत. वर्ष गेलं तर घरचे पुन्हा बसमधी बसू द्यायचे नायत. भाऊ म्हणलाच, एवढं शिकून दुकानात आगरबत्त्याच विकायच्यात ना.”

“मग अभ्यास करायचा होता.”

तिचे डोळे भरले नाहीत. भरले असते तर बरं झालं असतं, मला समजूत घालता आली असती. तिनं पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, आणि म्हणाली, “बाई, एकदा करून तरी दाखवा ना. चाळीसला सुटती का बावीसला.”

“उद्या ये,” मी म्हणाले. “दाखवते.” ते मी तिची जिरवायला म्हणाले होते. आता काय खोटं बोलायचं?

ती पेपर माझ्यापाशी ठेवून गेल्यावर पडद्याबाहेरून चाचा म्हणाले, “बाईसाब, पूल करायचाय काय?”

“तुम्ही ऐकत होता?”

“पडदा कपड्याचा आहे, भिंत नाय.”

दुपारी आम्ही दोघांनी पूल केला. चाचांनी पत्र्याची एक पट्टी वाकवली, एक फूट त्रिज्येची, आणि ठोकळ्यांवर घट्ट बसवली. अख्खा पूल करायचा म्हटलं तर चढावरच गाडी धडपडते, म्हणून अर्धाच केला. माथ्यापर्यंत सपाट फळी, माथ्यापासून पुढं उताराची गोलाई. फळीच्या मागच्या टोकाला एक उतरण, तिच्यावरून गाडी सोडायची. गाडी म्हणजे चाचांच्या नातवाची पत्र्याची मोटार, बोटभर लांब. गोलाईवर चाचांनी खडूची भुकटी चाळली. चाकं टेकली तर भुकटीत रेघ उमटणार, सुटली की रेघ संपणार.

खालून सोडली तर गाडी मंद जायची आणि गोलाईवर रेघ बरीच लांब उमटायची. वरून सोडली की रेघ आखूड. आणखी वरून, आणखी आखूड. चाचा दर वेळी भुकटी नवी चाळायचे आणि गुडघ्यावर बसून बघायचे. शेवटी एका उंचीला रेघ माथ्याशीच संपली. पुढची भुकटी जशीच्या तशी. गाडी हवेतून जाऊन चाचांच्या पायजम्यावर पडली. मी गाडीच्या टपावर शिशाचा तुकडा बांधून पाहिला. तीच उंची. वजनाचा काही संबंध नाही, हे मी अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं; डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. मला काय आनंद झाला! टाळी वाजवायला हात वर गेले आणि मी ते पुन्हा पदरात घातले.

चाचांनी फूटपट्टी लावली. “फळीपासून सहा इंच. जरा वर. ते जरा वर म्हंजे चाकांचं घासणं. बराबर निम्मे, बाईसाब. गोलाई बारा इंच, उंची सहा. गोलाईच्या निम्म्यावरून सोडली की उडती.”

“हो, हिशोबानंही तेच यायला पाहिजे.”

“मग तुमचा पूल कितीचा?”

“पन्नास मीटर.”

“मग पंचवीस मीटरवरून उतरून आली की उडणार. पंचवीस मीटरवरून येऊन किती जोर येतो, ते तुम्हाला ठाऊक.”

ते मला खरंच ठाऊक होतं. उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग हा वेगळा धडा, आणि तो मी त्याच आठवड्यात नऊ पूर्णांक आठ घेऊन शिकवला होता. मी खडू घेतला. दोन गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले पंचवीस. चारशे नव्वद.

चारशे नव्वद हा आकडा मी कुठंतरी पाहिला होता. त्या मुलीच्या पेपरात, शेवटच्या ओळीच्या वर. शेवटच्या ओळीच्या वर मी बघतच नव्हते ना.

वर्गमूळ बावीस पूर्णांक एक.

मग वही आणली. पान उघडलं. निळ्या शाईतला बत्तीस दिसला, आणि त्याच्या खाली माझा लाल ‘मीटर’. सेकंदाला चाळीस मीटर म्हणजे ताशी एकशे चव्वेचाळीस किलोमीटर. गावात तेव्हा एवढ्या वेगानं पळणारी गाडीच नव्हती.

“काय झालं?” चाचांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग रडता कशाला?”

मी म्हणाले, डोळ्यांत खडू गेला. लॅबमध्ये खडूची भुकटी भरपूर होती, म्हणून ते खरं वाटायला हरकत नव्हती. चाचांनी गाडीचा शिशाचा तुकडा सोडला, तुकडा खिशात टाकला, आणि पाठ फिरवून कपाट पुसायला लागले. ते कपाट त्यांनी सकाळीच पुसलं होतं.

मी खोलीवर गेले. खरं तर खातेप्रमुख सरांकडे तडक जायला हवं होतं. पण मी खोलीत कडी लावून बसले आणि हिशोब केला, माझा. चूक सांगितली तर माझ्याकडे काय उरतं? मला कुणी मैत्रीण नव्हती. विद्यार्थी घाबरायचे तेवढाच काय तो माझा संसार. आणि चूक कळली होती फक्त मला. चाचांना निम्मीशी, मुलीला पूर्ण. पण मुलीचं कोण ऐकणार होतं? पेपर परत बघत नसतात, हे मीच म्हणाले होते. बाहेर रस्त्यावर कुणी कुणाला हाका मारत होतं. मला वाटलं, आत्ता कुणीतरी जिना चढून यावं आणि विचारावं, बाई, काय झालं. मी सगळं सांगितलं असतं, अगदी घरमालकिणीलासुद्धा. ती आलीही. म्हणाली, उद्या पाणी येणार नाही.

सकाळी मी सरांच्या टेबलाशी वही उघडून ठेवली. सर भले होते, पण सांभाळून राहणारे. त्यांनी चष्मा वर करून वही पाहिली, खाली करून मला पाहिलं.

“साठांनी चाळीस लिहिलंय?”

“एकोणसाठांनी.”

“अहो, मग त्या चाळीसचे गुण कापले तर दहा-बाराजण नापास होतील. यादी लागलीय. गावभर होईल.” मग म्हणाले, “बाई, तुम्ही अजून नोकरीत पक्क्या झालेल्या नाहीत. त्या मुलीला दुसऱ्या कुठल्या प्रश्नात चार गुण वाढवून टाका. कुणाला कळणार नाही.”

खरं सांगते, क्षणभर मला ते फार आवडलं. इतकं सोपं! मुलीचा फॉर्म जातो, माझी अब्रू राहते. पेन हातात होतं. पण कुठल्या प्रश्नात वाढवायचे म्हणून तिचा पेपर चाळला तर दर पानावर तिनं नीटनेटकी रीत लिहिली होती, आणि त्या शून्याखाली माझ्या दोन रेघा होत्या. ‘विचार करून सोडवावे.’ ते तसंच ठेवून दुसरीकडे चार गुण टाकायचे? मला नाही जमलं. चांगुलपणा कमी, चीड जास्त होती त्यात. त्या अक्षराचीच चीड आली.

“सर, वर्गात सांगते मी,” मी म्हणाले.

सरांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, “तर असं करा. चूक तुमची आहे, मुलांचे गुण कापू नका. तो प्रश्न रद्द, सगळ्यांना चारच्या चार. यादी मी बदलून घेतो.”

वर्गात मी फळ्यावर दोन्ही गणितं लिहिली. फूट आणि मीटर. म्हणाले, “उत्तर बावीस पूर्णांक एक आहे. चाळीस माझी चूक होती. वहीत फूट खोडून मीटर मीच केलं.” मग मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजे बाई, तुमच्या चाळीसला गाडी कवाच उडून गेली असती की!” आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून माझं नाव चाळीस पडलं. गुलमंडीवर भाजी घेताना मागून ऐकू यायचं, “चाळीस आली रे.” पुढं कितीतरी वर्षं. स्टाफरूममध्ये तर मंडळी आता पाय खाली घ्यायचीही नाहीत.

आज मी हसते त्या नावाला. नातवंडांना सांगितलंय की वजन विचाराल तर चाळीसच सांगेन. तेव्हा नाही हसले. तेव्हा डबा घेऊन पडद्याआड गेले आणि दिवा न लावता बसले.

शनिवारी फॉर्म गेले. तिचाही गेला. दुपारी ती पडद्याशी आली. मला वाटलं, आभार मानायला आलीय. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला म्हणाले, “ये, आत बस.” ती स्टुलाच्या कडेला टेकली. मी अर्धी भाकरी पुढं केली, तिनं घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी सुटलेच बोलत. म्हणाले, “साठ जणांत तू एकटीनं डोकं चालवलंस. माझ्यासकट सगळे डोळे मिटून लिहीत होते. तू मात्र विचार केलास. पुढं खूप शिक. तुझ्यासारखी मुलगी मी पाहिली नाही.”

ती भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, “नाय बाई, तसं कायबी नाय. तुम्ही ते गणित सांगितलं त्या दिवशी आमची बस घाटात बंद पडली व्हती. मी वर्गात असते तर मीबी चाळीसच लिहिलं असतं.”